रान बसलंय म्हणजे नेमकं काय झालंय?

या भागात आवाजामागं अधूनमधून पंपाची घरघर ऐकू येईल, कारण हे रेकॉर्डिंग मळ्यातल्या शेडमध्ये बसून केलंय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हे लिहून काढलेलं रूप. बोलल्यासारखंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे... म्हणजे" थोडे कमी केलेत.

सुरुवात तालमीतून करू. कोल्हापुरात ज्यानं एकदा तरी आखाड्यात पाय टाकलाय त्याला माहिती आहे, कुस्तीआधी लाल माती खोऱ्यानं उकरून भुसभुशीत करतात. पाय टाकला की रुततो. आता शेजारच्या मैदानावरची क्रिकेटची खेळपट्टी बघा. पाणी मारून, रोलर फिरवून ती इतकी दाबलेली असते की स्टंप ठोकताना घाम निघतो. दोन्हीकडं मातीच. फरक एवढाच, की एका डब्यात किती माती बसते. आखाड्यातल्या मातीनं डबा भरला तर हलका भरेल, खेळपट्टीतला तेवढाच तुकडा काढला तर जड भरेल. हा जो "तेवढ्याच जागेत किती वजन" आहे, त्यालाच शेतीच्या अभ्यासक्रमात बल्क डेन्सिटी म्हणतात, मराठी पुस्तकात स्थूल घनता. एक घन सेंटिमीटर जागेत, म्हणजे साधारण एका फाशाएवढ्या जागेत, किती ग्रॅम कोरडी माती आहे, एवढाच तो आकडा.

आता गोष्ट आमच्या घरची. आमचं रान शिरोळ तालुक्यात, काळं, भारी, पावसात चिकटणारं आणि उन्हाळ्यात दगड होणारं. दोन वर्षांमागं नोव्हेंबरात ऊस तुटला. आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस होऊन गेला होता, रान ओलं होतं, पण तोडीची पाळी आली होती आणि टोळी दारात उभी होती. पाळी सोडली तर पुन्हा कधी येईल सांगता येत नाही, हे ऊसवाल्यांना सांगायला नको. मग ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट थेट फडात घातला. भरलेली ट्रॉली रुतली, दुसरा ट्रॅक्टर आणून ओढून काढली. चाकोऱ्या गुडघ्याएवढ्या पडल्या. त्या नंतर रोटाव्हेटर फिरवून बुजवल्या आणि वरून सगळं छान दिसायला लागलं.

खोडवा उठला. पुढच्या जुलैत बांधापासून आत जाणारा एक पट्टा पिवळा पडला. पट्टा अगदी सरळ, ट्रॉली ज्या वाटेनं आत-बाहेर करत होती तेवढाच. आमचे चुलते, आण्णा, म्हणाले, "युरिया कमी पडलाय." टाकला. पंधरा दिवसांनी पुन्हा टाकला. ऊस ढिम्म. शेवटी आण्णांनीच पट्ट्यात पहार मारली, ती वीतभर गेली आणि थांबली. म्हणाले, "आरं, रान बसलंय हितं."

"बसलंय" हा शब्द आपल्याकडं सगळेच वापरतात. मला तो मोजून बघायचा होता.

मोजायची पद्धत सोपी आहे, पण घाई केली की चुकते. मी लोखंडी पाइपचा पातळ तुकडा घेतला. आतला व्यास ५ सेंटिमीटर, उंची ५ सेंटिमीटर, एका बाजूची कड बाहेरून घासून धारदार केलेली. आतली जागा किती? ३.१४ गुणिले २.५ गुणिले २.५ गुणिले ५, म्हणजे ९८ घन सेंटिमीटर. पट्ट्यात खड्डा खणला, वीस सेंटिमीटरवर तळ सपाट केला. वरची माती नव्हती मोजायची, कारण ती रोटाव्हेटरनं सारखी झालेली. पाइपच्या आत बोटानं तेल फिरवलं, वर लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत आत घातला. इथं पहिली गंमत होते. जोरात ठोकलं तर पाइपमधली माती आपणच दाबतो, आणि मग आपण रानाची नाही, आपल्या हातोड्याची घनता मोजतो. ओळखायचं असं की पाइपमधल्या मातीची पातळी आणि बाहेरच्या मातीची पातळी एकच राहिली पाहिजे. आतली खाली गेली असेल तर तो नमुना टाकून द्यायचा. मी पहिले दोन टाकले.

मग पाइप बाजूनं खणून अलगद काढला, दोन्ही तोंडं चाकूनं सपाट केली, सगळी माती पिशवीत घेतली, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ओली तोलली. मग कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मित्राकडं देऊन ती १०५ अंशांवर चोवीस तास ओव्हनमध्ये वाळवली आणि कोरडी तोलली. ओव्हन नसेल तर जुन्या तव्यावर मंद आचेवर हलवत वाळवता येते, दोनदा तोलून वजन सारखं येईपर्यंत. अचूकता थोडी कमी येते, आणि घरातल्यांची बोलणी ऐकावी लागतात ते वेगळं.

अगदी तसाच नमुना त्याच खोलीवर पट्ट्याच्या बाहेर, जिथं चाक गेलं नव्हतं आणि ऊस हिरवा होता, तिथूनही घेतला. दोन्हीकडं तीन-तीन घेतले, कारण एका नमुन्यावर भरवसा ठेवायचा नसतो. एखादा खडा, एखादं गांडुळाचं बीळ मध्ये आलं की आकडा हलतो. सरासरी अशी आली. हिरव्या उसाखाली ओलं वजन १५२ ग्रॅम, कोरडं ११८. पिवळ्या पट्ट्यात ओलं १८९, कोरडं १५१. कोरड्या वजनाला ९८ नं भागलं की हिरव्या जागी १.२० आणि पट्ट्यात १.५४.

हे आकडे चांगले का वाईट, हे मातीच्या जातीवर ठरतं. रेताड जमिनीत १.५४ म्हणजे काहीच नाही, तिथं मुळं १.८० च्या आसपास अडतात. पण आमच्यासारख्या भारी चिकण मातीत अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता सांगतो, १.१० च्या खाली उत्तम, १.३९ पासून मुळांना त्रास, १.४७ च्या वर मुळांची वाढ अडते. त्यामुळं व्हॉट्सअॅपवर कुणी "जमिनीची घनता इतकी हवी" असा एकच आकडा फिरवत असेल तर आधी विचारा, कुठल्या मातीत?

पण मला धक्का बसला तो पुढच्या हिशोबात. मातीच्या कणांची स्वतःची घनता साधारण २.६५ असते. म्हणजे पोकळी अजिबात नसती तर फाशाएवढी माती २.६५ ग्रॅम भरली असती. हिरव्या जागी १.२० भरली, म्हणजे कणांनी ४५ टक्के जागा घेतली, उरलेली ५५ टक्के पोकळी. त्या पोकळीत पाणी किती? १५२ वजा ११८, म्हणजे ३४ ग्रॅम, म्हणजे ३४ घन सेंटिमीटर. ९८ पैकी ३४ म्हणजे ३५ टक्के. मग उरली २० टक्के हवा. पाऊस थांबून चौथा दिवस होता, रानात पाणीही होतं आणि हवाही. आपल्या लोकांकडं या अवस्थेला एक सुंदर शब्द आहे, वाफसा.

आता पट्टा बघा. तिथं पोकळीच ४२ टक्के. पाणी १८९ वजा १५१, म्हणजे ३८ ग्रॅम, म्हणजे ३९ टक्के. हवा उरली ३ टक्के. साधारण १० टक्क्यांच्या खाली हवा गेली की मुळांना श्वास घेणं अवघड होतं असं धरतात. म्हणजे पाऊस थांबून चार दिवस झाले, वरून रान सुकल्यासारखं दिसतंय, पण वीतभर खाली ऊस बुडलेलाच आहे. तिथं वाफसा आलाच नव्हता. आणि आम्ही वरून युरिया टाकत होतो. हवा नसलेल्या मातीत मुळं नत्र नीट उचलत नाहीत, शिवाय त्या मातीतले जीवाणू ऑक्सिजन नसल्यामुळं नायट्रेटवर भागवतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. दोन हप्ते युरियाचे पैसे असे गेले.

आता प्रश्न असा, की पोकळी ५५ ची ४२ झाली तर एवढा फरक का? कारण दाब पडला की सगळ्या पोकळ्या सारख्या कमी होत नाहीत. आधी मोठ्या मरतात. ढेकळांमधल्या फटी, जुन्या मुळांच्या नळ्या, गांडुळांची बिळं. बारीक पोकळ्या तशाच राहतात, आणि त्या पाणी धरून ठेवतात, सोडत नाहीत. निचरा होतो तो मोठ्यांतून. आणि नळीचा व्यास निम्मा केला तर तेवढ्याच दाबानं तिच्यातून जाणारं पाणी निम्मं होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतं. ठिबकची नळी अर्धवट चोंदली की पुढच्या उसाचं काय होतं ते पाहिलंय ना, तसंच.

हे घरीच बघायचं असेल तर १५ सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही तोंडं उघडी असलेला डबा जमिनीत थोडा ठोकायचा आणि आत ४४० मिलिलिटर पाणी ओतायचं. ते अडीच सेंटिमीटर उभं राहतं. मोबाइलवर स्टॉपवॉच लावायचा. पण पहिलं पाणी मोजायचं नाही, ते मुरू द्यायचं आणि दुसऱ्यांदा ओतून वेळ घ्यायचा. काळ्या रानात भेगा असल्या तर पहिलं पाणी घटकेत गायब होतं आणि आपण उगाच खूश होतो. आणि आमच्यासारखा थर वीतभर खाली असेल तर डबा वरच्या भुसभुशीत मातीवर ठेवून काही कळणार नाही, खड्ड्याच्या तळाशी ठेवावा लागतो.

आमच्या भागात या निचऱ्याला आणखी एक बाजू आहे. शिरोळ तालुक्यात पाणी साठून क्षारपड झालेल्या जमिनी सुधारण्यासाठी जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकायचं मोठं काम झालंय. पाइप चार-पाच फुटांवर असतात आणि जास्तीचं पाणी क्षारांसकट बाहेर काढतात. पण पाणी पाइपपर्यंत पोचलं पाहिजे. वीतभर खाली दाबलेला थर असेल तर पावसाचं पाणी त्याच्यावरच तुंबतं आणि पाइप खाली रिकामा वाट बघत बसतो. "पाइपलाइन करूनही रान सुटत नाही" असं कुणी म्हणालं तर पाइपला दोष द्यायच्या आधी एक खड्डा खणून बघा.

खड्डा हा माझ्या मते सगळ्यात खरा मापक आहे. आमच्या पट्ट्यात उसाची मुळं वीस-बावीस सेंटिमीटरपर्यंत सरळ आली आणि मग काटकोनात आडवी वळली होती. काही चपटी झालेली, फटीत दाबली गेलेली. हिरव्या जागी तीच मुळं खड्ड्याच्या तळाच्या खाली गेलेली. म्हणजे पट्ट्यातल्या उसाला पावसाळ्यात बुडायचं आणि एप्रिलमध्ये, खाली पाणी असूनही, वीतभर मातीतल्या ओलीवर जगायचं. दोन्हीकडून मार.

मूळ तिथं का थांबतं? मोजायला पेनेट्रोमीटर नावाचं यंत्र असतं, टोकाला शंकू असलेली सळी आणि वर दाब दाखवणारा काटा. हळूहळू आत दाबायची. काटा २ मेगापास्कलच्या, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २० किलोच्या पुढं गेला की बहुतेक पिकांची मुळं जवळपास थांबतात. यंत्र नसेल तर आण्णांची पहार आहेच, फक्त ती वाफशावर मारायची. सुकलेल्या काळ्या रानात पहार कुठंच जात नाही, आणि चिखलात सगळीकडं जाते.

आतापर्यंत मला वाटायचं, मूळ बिचारं ढकलून थकतं. पण २०२१ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या आणि शांघायच्या शास्त्रज्ञांनी 'सायन्स' नियतकालिकात एक काम छापलं, बिपिन पांडे हे त्यातले पहिले लेखक. मुळं इथिलीन नावाचा वायू सोडतात, तोच जो केळी पिकवतो. भुसभुशीत मातीत तो पोकळ्यांतून पसरून निघून जातो. दाबलेल्या मातीत बाहेर पडायला जागा नसते, तो मुळाभोवती साठतो, आणि मुळाला तो इशारा वाटतो की पुढं वाट नाही. मूळ लांब वाढायचं थांबतं, जाड होतं. त्यांनी भाताची अशी रोपं घेतली ज्यांना इथिलीन जाणवतच नव्हतं, तर त्यांची मुळं त्याच घट्ट मातीत बरीच खोल गेली. म्हणजे काही अंशी मूळ अडत नाही, ते स्वतःहून थांबतं. आता उसाची अशी जात उद्या येईल असं नाही, पण खड्ड्यातलं ते जाडजूड, आखूड मूळ मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं बघतो.

बरं, मग उपाय. इथं आण्णांचं आणि माझं वाजलं. मला लगेच सबसॉयलर घालायचा होता. आण्णा म्हणाले, "आत्ता घालशील तर लोण्यात सुरी घातल्यागत व्हईल." आणि ते बरोबर होते. सबसॉयलरनं थर फुटायचा तर तो कोरडा, ठिसूळ पाहिजे, म्हणजे फाळ जाताना आजूबाजूलाही तडे जातात. ओल्या मातीत फाळ फक्त चिरा पाडतो आणि चिरेच्या भिंती लिंपून टाकतो. त्यामुळं खोडवा तोडून रान मोकळं होईपर्यंत, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत, थांबायचं ठरलं.

थांबताना एक गोष्ट लक्षात आली. काळी माती स्वतःची दुरुस्ती स्वतः करू शकते. ती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते आणि भेगाळते. त्या भेगांनी घट्ट थर तुकड्यातुकड्यानं फुटतो. जुनी माणसं एप्रिल-मेमध्ये "रान तापू दे" म्हणायची, त्यात हेही होतं. पण ऊस, मग खोडवा, मग निडवा, आणि मध्ये पाणी कधी तुटत नाही. बारमाही ओलं राहणारं रान भेगाळणार कधी? आमच्या त्या पट्ट्यापुढं अख्खं रान बरं वाटतंय, पण तिथंही वीस वर्षांत माती नीट सुकलेली नाही. हाच फुगण्या-आकसण्याचा गुण मोजताना फसवतो, तेही सांगून टाकतो. मेमध्ये त्याच रानातलं सुकलेलं ढेकूळ घेतलं तर घनता बरीच जास्त दिसेल, कारण माती आकसलेली असते. म्हणून दोन ठिकाणांची किंवा दोन वर्षांची तुलना करायची तर दोन्ही वेळा वाफशावर, साधारण सारख्याच ओलीवर.

मेमध्ये पट्ट्यात फूटभर खोल सबसॉयलर फिरवला, म्हणजे थराच्या थोडं खाली. फार खोल घालून फायदा नाही, नुसतं डिझेल जातं. मग रान तापू दिलं, पावसाच्या तोंडावर ताग पेरला, तो फुलावर यायच्या आत गाडला आणि ऑगस्टमध्ये लागण केली. त्याच महिन्यात, पाऊस उघडल्यावर चौथ्या दिवशी, त्याच खोलीवर पुन्हा पाइप ठोकला. कोरडं वजन १३६, म्हणजे १.३९. पाणी ३६ ग्रॅम. हवा ११ टक्के. काठावर पास. बाजूच्या १.२० पर्यंत यायला अजून काही वर्षं आणि बरीच मुळं लागतील. आपल्या कोल्हापूरचेच प्रताप चिपळूणकर जे वर्षानुवर्षं सांगतात, की मागच्या पिकाची मुळं उकरू नका, ती जमिनीतच कुजू द्या, त्याचा अर्थ मला त्या खड्ड्यात उभं राहून कळला. कुजलेलं मूळ पुढच्या मुळासाठी तयार नळी असते. अशा नळ्या घनतेच्या आकड्यात फारशा दिसत नाहीत, पण पाण्याला आणि मुळाला त्या बरोबर सापडतात.

आणि सबसॉयलरनं मोकळं केलेलं रान आणखी नाजूक असतं. त्यावरून पुन्हा जड ट्रॉली गेली तर ते आधीपेक्षा सहज दबतं. शिवाय पहिल्या फेरीतच बहुतेक नुकसान होऊन जातं, पुढच्या फेऱ्या थोडीच भर घालतात. म्हणून ट्रॉली आत न्यावीच लागली तर रोज नवी वाट काढण्यापेक्षा एकच वाट बळी द्यावी. रुंद टायर आणि कमी हवा यांनी वरचा थर वाचतो, पण खाली फूटभर किती दाब पोचतो ते मुख्यतः एका आसावर एकूण किती वजन आहे यावर ठरतं. दहा टन ते दहा टनच.

या वर्षी तोडीच्या वेळी पुन्हा रान ओलं होतं. टोळीच्या मुकादमाशी बोलणं झालं, ट्रॉली रस्त्यावरच उभी केली आणि मोळ्या डोक्यावरून बाहेर काढल्या. वाहून न्यायचे वेगळे पैसे द्यावे लागले आणि एक दिवस जास्त गेला. आण्णा बांधावर बसून हिशोब करत होते, जास्तीच्या मजुरीचा आकडा एका बाजूला आणि त्या वर्षीच्या युरियाच्या दोन हप्त्यांचा नि पिवळ्या पट्ट्यात कमी भरलेल्या उसाचा आकडा दुसऱ्या बाजूला. मजुरीचा आकडा लहान निघाला. पण त्यांनी तो दोनदा तपासला.

पाइप अजून शेडमध्ये टांगलाय. येत्या ऑगस्टमध्ये पुन्हा ठोकणार आहे, त्याच जागी. आकडा काय येतोय ते सांगेनच.